'माका येवक जमाचा नाय' ते 'रजा मंजूर करावी, ही विनंती'

गेल्या जुलैतली एक चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. दुरेघी वहीचं फाडलेलं पान, पावसाने एका कोपऱ्यावर शाई पसरलेली. नववीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन ती माझ्या हातात ठेवली होती. त्यात लिहिलं होतं :

"बाई, मी शुक्रवार शनिवार आणि सोमवारी येनार नाय. आमची लावणी सुरू झाली हा. तरवो तयार आसा. आई बाबा दिवसभर मळ्यात आसतत. आजी परवा खळ्यात घसरान पडली तिचो पाय सुजलो हा डॉक्टरांनी चलाचा नाय म्हनून सांगितला. घराक कोनच नसता. पाऊस पन खूप हा साकवार पानी येता. माका पन जरा ताप आल्यासारखा वाटता. सोमवारी रात्री मामी येतली मग मी येतंय. गणिताची टेस्ट नंतर देतंय. प्लीज बाई सुट्टी द्या."

सिंधुदुर्गात वर्ग सांभाळणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला ही चिठ्ठी ओळखीची वाटेल. मला ती आवडली, कारण तिच्यात एकही वाक्य पुस्तकातून उचललेलं नाही. पण अर्ज म्हणून ती चालत नाही. का चालत नाही आणि तिचा अर्ज नेमका कसा होतो, ते या एकाच चिठ्ठीवरून सांगते. मुलांना आणि घरी अर्ज लिहून देणाऱ्या पालकांना, दोघांनाही उपयोग होईल.

आधी अर्ज वाचणाऱ्या बाजूने बघू. वर्गशिक्षिकेच्या हातात रजेचा अर्ज पडला की तिला तीन गोष्टी हव्या असतात. कोण येणार नाही, नेमक्या कुठल्या तारखांना येणार नाही, आणि का. पहिल्या दोन गोष्टी हजेरीच्या कॅटलॉगसाठी लागतात, तिसरी रजा द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी. वरच्या चिठ्ठीत नाव नाही, तारीख नाही, आणि कारणं मात्र एकाऐवजी चार आहेत. लावणी, आजी, पाऊस, ताप. मुलाला वाटतं, जितकी जास्त कारणं तितकी रजा पक्की. वाचणाऱ्याच्या मनात उलटंच होतं. चार कारणं एका दमात आली की त्यातलं खरं कुठलं, हा प्रश्न आधी उभा राहतो.

म्हणून पहिलं काम भाषेचं नाहीच. पहिलं काम निवडण्याचं. तांदूळ सुपात घेऊन पाखडतो तशी ही कारणं पाखडायची. पाखडताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : यातली कुठली गोष्ट नसती, तर मी शाळेत आले असते?

त्या मुलीला मी शेजारी बसवून हाच प्रश्न विचारला. लावणी नसती तर? "तर आई घराक रवली असती," ती म्हणाली. आजी पडली नसती तर? "तर मी इलंय असतंय." पाऊस? पाऊस तर रोजच आहे, आणि साकवावरून पाणी गेलं तर कोणीच येत नाही. मग ताप? तिने मान खाली घातली. "नाय बाई, असाच लिवलंय."

इथे चिठ्ठी चार भागांत सुटी झाली. आजीचा पाय हे मुख्य कारण. लावणी हे त्याला आधार देणारं कारण, कारण घरात दुसरं मोठं माणूस का नाही हे त्यातूनच कळतं. साकवाचं पाणी ही वेगळीच बाब. ती शुक्रवारी घडेल की नाही, हे गुरुवारी कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तिची आगाऊ रजा मागता येत नाही. ताप खोटा, म्हणून तो बाहेर. अर्जात उरल्या दोनच गोष्टी, आणि त्या एकमेकींना धरून आहेत.

या तापावर जरा थांबते, कारण माझ्या पाहण्यात सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. मुलांची अशी समजूत असते की काही कारणं अर्जात लिहिण्याजोगी असतात आणि काही नसतात. ताप, डोकेदुखी, पोटदुखी ही 'अर्जातली' कारणं. भातलावणी, जत्रा, घरी आलेली पालखी, एकवीस दिवसांचा गणपती ही 'घरातली' कारणं. मग खरं कारण घरातलं असलं की ते लपवून अर्जातलं कारण लिहायचं. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'तीव्र ताप' म्हणून दोन दिवसांची रजा घेतली होती. रविवारी आठवड्याच्या बाजारात त्याची आई भेटली. मी काळजीने विचारलं, ताप उतरला का? ती माउली गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "ताप कोणाक, बाई? आमी जत्रेक गेल्लंव." त्या मुलाचं मन खोटं नव्हतं. जत्रा असं अर्जात लिहिता येतं, हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

लिहिता येतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचं उदाहरण घ्या. त्या जत्रेची तारीख पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. म्हणजे दिवस आधीपासून माहीत नसतो, पण जाहीर झाल्यावर अर्ज करायला भरपूर वेळ मिळतो. 'आंगणेवाडी येथील श्री भराडी देवीच्या यात्रेस कुटुंबासह जाणार असल्यामुळे' एवढं वाक्य पूर्णपणे औपचारिक आहे. शिमग्यात 'ग्रामदेवतेची पालखी आमच्या घरी येणार असल्यामुळे' हेही तसंच. गणपतीची सुट्टी शाळा देते, पण ज्यांच्या घरी एकवीस दिवसांचा गणपती असतो त्यांचं विसर्जन शाळा सुरू झाल्यावर येतं. त्यांनी 'आमच्या घरी एकवीस दिवसांचा गणपती असून विसर्जन अमुक तारखेस आहे' असं लिहावं. शिक्षिका रजा देईल किंवा नाही देणार, तो तिचा निर्णय. पण तो निर्णय खऱ्या कारणावर व्हायला हवा.

आता 'सुट्टी' आणि 'रजा' हे दोन शब्द. चिठ्ठीत "सुट्टी द्या" असं आहे आणि बोलताना आपण सगळेच तसं म्हणतो. पण लिहिताना फरक पाळावा. सुट्टी शाळा सगळ्यांना देते : रविवारची, दिवाळीची, अतिवृष्टीची. रजा एकट्याने मागायची असते आणि कोणीतरी ती मंजूर करायची असते. म्हणून अर्ज नेहमी रजेचा. आणि जी मागायची ती मागितलीच पाहिजे. "मी येनार नाय" हे कळवणं झालं, मागणं झालं नाही. अर्ज जिच्यावर उभा असतो ती एकच ओळ आहे : 'तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.' बाकी सगळा मजकूर या ओळीपर्यंत पोचण्यासाठी असतो.

मुख्य कारणाचं वाक्य घडवताना बोलीतलं काय काय बदलतं, ते जवळून बघू. "आजी परवा खळ्यात घसरान पडली." यात 'परवा' हा शब्द आज वाचणाऱ्याला कळतो, महिन्याने कागद काढला तर कळत नाही. चिठ्ठी गुरुवारी, १० जुलै २०२५ रोजी आली होती, म्हणजे परवा म्हणजे मंगळवार, ८ जुलै. अर्जात काल, आज, उद्या, परवा यांच्या जागी नेहमी तारीख यायला हवी. 'खळ्यात'चं 'अंगणात' झालं. खळं म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण हा कागद उद्या बाहेरून बदलून आलेल्या मुख्याध्यापकांसमोरही जाऊ शकतो, म्हणून प्रमाण शब्द बरा. साकवाचं मात्र मी तसं करणार नाही. ओहोळावरच्या त्या छोट्या पुलाला मराठीत साकव हाच नेमका शब्द आहे, त्याला 'पूल' म्हटलं तर हायवेवरचा पूल डोळ्यांसमोर येतो.

"तिचो पाय सुजलो हा डॉक्टरांनी चलाचा नाय म्हनून सांगितला" याचं वाक्य असं झालं : 'तिच्या पायाला दुखापत झाली असून डॉक्टरांनी तिला काही दिवस चालण्यास मनाई केली आहे.' इथे एक मोह आवरावा लागतो. गाईडमधले अर्ज वाचलेली मुलं इथे लगेच 'आजीची प्रकृती अत्यंत चिंताजनक असल्यामुळे' असं लिहितात. सुजलेला पाय चिंताजनक प्रकृती होत नाही. औपचारिक भाषेचं काम माहिती नीट मांडण्याचं आहे, माहिती फुगवण्याचं नाही. जेवढं झालं तेवढंच, पण नेटक्या शब्दांत. 'दुखापत' हा शब्द मला योग्य वाटला, कारण तो सूज, मुरगळ, मार या सगळ्यांना पुरतो आणि जे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, म्हणजे हाड मोडलं वगैरे, त्याचा दावा करत नाही.

फुगवण्याच्या उलट टोकाला दुसरी चूक असते. 'काही अपरिहार्य घरगुती कारणास्तव मी तीन दिवस शाळेत येऊ शकणार नाही.' ऐकायला वजनदार, पण यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. मी अशा अर्जावर सही करण्याआधी मुलाला बोलावून विचारतेच. मग जे तोंडाने सांगावंच लागलं, ते लिहिलंच का नाही? एक सोपी परीक्षा आहे. अर्ज घरातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावा आणि विचारावं, काय झालंय? त्याला एका वाक्यात सांगता आलं, तर कारण पुरेसं लिहिलं गेलंय.

याला एक अपवाद आहे, आणि तो मी मनापासून मानते. काही कारणं कागदावर येऊ नयेत. घरातलं भांडण, वडिलांचं पिणं, मुलीच्या पाळीचा त्रास. अर्ज अनेक हातांतून जातो, कधी तर शेजारच्या बाकावरचा मुलगाच तो घेऊन येतो. अशा वेळी 'कौटुंबिक कारणामुळे' किंवा 'प्रकृती बरी नसल्यामुळे' एवढंच लिहावं आणि पुढे जोडावं : 'याबाबत माझी आई आपणांस प्रत्यक्ष भेटून सांगेल.' मग तो गोल शब्द राहत नाही. सविस्तर कारण कोणाकडून कळणार, हे त्यात असतं.

पुन्हा आपल्या चिठ्ठीकडे. लावणीचं वाक्य का ठेवलं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बाहेरचा माणूस लगेच म्हणेल, आईने तीन दिवस शेतात जाऊ नये. भाताची रोपं, म्हणजे आपला तरवा, पेरणीपासून साधारण २१ ते २५ दिवसांत लावणीला येतो. मृगाच्या पावसावर जूनच्या मध्याला पेरलेला तरवा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तयार असतो. तो वाफ्यात जास्त दिवस राहिला तर जून होतो, नंतर त्याला फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटतं. त्यात मळ्यात चिखल धरायला पाणी हवं, माणसं मिळायला हवीत. म्हणजे या तीन दिवसांत आईने घरी बसणं म्हणजे वर्षाच्या भातावर पाणी सोडणं. एवढं सगळं अर्जात लिहायची गरज नाही. कोकणातल्या शिक्षिकेला 'सध्या भातलावणी सुरू असल्यामुळे आईवडील दिवसभर शेतात असतात' एवढं पुरतं. वाक्य एकच, पण ते नसतं तर अर्ज लंगडा झाला असता. 'आजी आजारी आहे, म्हणून मी घरी' यावर लगेच प्रश्न येतो, मोठी माणसं कुठे आहेत? चांगला अर्ज वाचणाऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न आधीच ओळखतो.

आता तारखांचा हिशोब. मुलीने शुक्रवार, शनिवार आणि सोमवार मागितला होता. २०२५च्या जुलैत ते ११, १२ आणि १४ होतात, मध्ये १३ तारखेचा रविवार. अनेक मुलं इथे 'दि. ११ ते १४ जुलै, चार दिवसांची रजा' असं लिहितात. रविवार हा आधीच सुट्टीचा, त्याची रजा मागायची नाही. 'दि. ११ ते १४ जुलै (रविवार वगळून तीन दिवस)' असं लिहिलं तर चालतं. मला मात्र तीनही वार तारखेसह सुटे लिहिलेले जास्त आवडतात. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की चूक आपोआप पकडली जाते, 'सोमवार, दि. १३' असं लिहिलं गेलं तर वाचणारा थबकतो आणि विचारतो. शनिवारची शाळा सकाळची आणि अर्धीच असली, तरी तो हजेरीचा दिवस आहे. तो गाळू नये.

आणि परतण्याची तारीख. ही तारीख मुलं फार विसरतात. रजा कधी संपते हे मजकुरातून कळत असलं, तरी 'मंगळवार, दि. १५ जुलै रोजी मी शाळेत हजर राहीन' हे स्पष्ट लिहावं. त्यामागचं कारणही चिठ्ठीत होतंच : सोमवारी रात्री मामी येणार. हे वाक्य मी मुद्दाम ठेवलं. त्यामुळे तीनच दिवस का, सहा का नाहीत, हे कळतं. ज्या अर्जात रजेची लांबी कारणातून निघते, तो अर्ज मंजूर करताना हात अडखळत नाही.

उरली गणिताची चाचणी. "टेस्ट नंतर देतंय" हे मुलीने स्वतःच ठरवून टाकलं होतं. ते ठरवणं शिक्षकांचं, म्हणून तिथेही विनंती हवी. काहीजण म्हणतात, एका अर्जात एकच मागणी असावी. मोठ्या कचेऱ्यांत ते बरोबर आहे, तिथे प्रत्येक मागणी वेगळ्या टेबलावर जाते. वर्गशिक्षिकेकडे दोन्ही गोष्टी एकाच रजेतून निघतात, म्हणून स्वतंत्र परिच्छेदात एक वाक्य लिहावं. चाचणी असूनही ती लपवली, तर मात्र अर्जावरचा विश्वास कमी होतो.

एवढं झाल्यावर मुलीने स्वच्छ कागदावर लिहिलेला अर्ज असा :

दिनांक : १० जुलै २०२५

प्रति,
माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता ९ वी 'अ',
अ. ब. क. माध्यमिक विद्यालय.

विषय : दि. ११, १२ व १४ जुलै २०२५ अशी तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदया,

मी इयत्ता ९ वी 'अ' मध्ये शिकत असून माझा हजेरी क्रमांक १७ आहे. मंगळवार, दि. ८ जुलै रोजी माझी आजी अंगणात घसरून पडली. तिच्या पायाला दुखापत झाली असून डॉक्टरांनी तिला काही दिवस चालण्यास मनाई केली आहे. सध्या भातलावणी सुरू असल्यामुळे आईवडील दिवसभर शेतात असतात. त्यामुळे आजीजवळ थांबण्यास घरात दुसरे कोणी नाही. सोमवारी रात्री माझी मामी येणार असून त्यानंतर ती आजीकडे लक्ष देईल.

तरी शुक्रवार दि. ११, शनिवार दि. १२ आणि सोमवार दि. १४ जुलै २०२५ या तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. मंगळवार, दि. १५ जुलै रोजी मी शाळेत हजर राहीन.

सोमवारी गणिताची घटक चाचणी आहे. ती नंतर देण्याची परवानगी मिळावी.

आपली विद्यार्थिनी,
अ. ब. क.

पालकाची सही : ............

शाळेचं आणि मुलीचं नाव मी इथे काढून 'अ. ब. क.' लिहिलंय, परीक्षेत लिहितात तसं. खऱ्या अर्जात पूर्ण नाव हवं.

मांडणीबद्दल थोडंच सांगते, कारण ती पाठ करता येते. आता पाठ्यपुस्तकात पत्र ई-मेलच्या धाटणीने शिकवतात, सगळं डाव्या बाजूने सुरू होतं. आईवडिलांच्या पिढीला तारीख आणि पत्ता उजवीकडे लिहायची सवय आहे. दोन्ही चालतं, फक्त परीक्षेत शिकवलं तसंच लिहावं. 'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे घरच्या वडीलधाऱ्यांच्या पत्रात शोभतं. अर्जात 'महोदय' किंवा 'महोदया' पुरे. विषयाच्या ओळीत पूर्ण कारण कोंबू नये, पण 'रजेबाबत' एवढंच लिहून तारखाही गाळू नयेत. गठ्ठ्यातून अर्ज शोधताना मी विषयाचीच ओळ वाचते.

दोन बारीक खुणा आहेत ज्यांवरून अर्ज गाईडमधून उतरवलाय हे लगेच कळतं. एक म्हणजे लिंग. मुलीच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी', किंवा मजकुरात 'मी शाळेत येऊ शकलो नाही'. दुसरी म्हणजे समोरची व्यक्ती. वर्गशिक्षिका बाई असताना 'महोदय'. या चुका शुद्धलेखनाच्या नाहीत, त्या न वाचता लिहिल्याच्या आहेत. आणि शुद्धलेखनाचंच बोलायचं तर 'विद्यार्थिनी'तला 'थि' ऱ्हस्व आहे, 'गुरुवार'मध्ये 'रु' आहे आणि बोलताना कधी 'न' झाला तरी 'कारण', 'पाणी', 'कोणी' यांत 'ण' आहे. वरच्या चिठ्ठीत 'येनार', 'पन', 'पानी' असं आहे. मी त्यावर लाल पेन चालवत नाही. बोलीत ते बरोबरच आहे, फक्त अर्ज प्रमाण मराठीत लिहायचा असतो, एवढं सांगते.

आता साकवाची बाब, जी आपण बाजूला ठेवली होती. पुढच्याच आठवड्यात ती खरी झाली. रात्रभर पाऊस, सकाळी साकवावरून पाणी, आणि पलीकडच्या वाडीतली सहा मुलं आली नाहीत. अशी रजा आधी मागता येत नाही, म्हणून अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा असतो. आणि तिथे क्रियापदांचा काळ बदलतो. मुलं नेहमीच्या सवयीने 'उपस्थित राहू शकणार नाही, तरी रजा मंजूर करावी' असंच लिहितात, आणि तारीख मात्र कालची. जो दिवस गेला त्याबद्दल असं लिहावं :

'बुधवार, दि. १६ जुलै रोजी सकाळी अतिवृष्टीमुळे आमच्या वाडीच्या साकवावरून पाणी वाहत होते. त्यामुळे मी शाळेत येऊ शकले नाही. तरी त्या दिवसाची माझी अनुपस्थिती रजा म्हणून मंजूर करावी, ही विनंती.'

मुलगा असेल तर 'शकलो नाही'. इथे साकवाचं पाणी हे एकटंच कारण आहे आणि ते एकटं पुरतं. आदल्या अर्जात जे कारण गर्दी करत होतं, तेच इथे अख्खा अर्ज पेलतं. सहाही मुलांनी एकच मजकूर उतरवला तरी हरकत नाही, पण प्रत्येकाने आपला वेगळा कागद द्यावा. एका कागदावर सहा नावं आली की कॅटलॉगमध्ये प्रत्येकासमोर नोंद करताना तो कागद कोणाच्या फाईलला लावायचा, हा घोळ होतो.

शेवटी सही. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे आईवडील मुंबईला असतात आणि मुलं गावी आजी-आजोबांकडे. मग पालकाची सही कोणाची, यावर मुलं अडतात. काही तर वडिलांची सही स्वतःच गिरवतात, आणि ती ओळखू येते. त्याची काही गरज नाही. ज्यांच्याकडे मूल राहतं त्यांनी सही करावी आणि खाली नातं लिहावं, 'पालकाची सही (आजोबा)'. आजीला लिहिता येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी तिचं नाव. मूल शाळेत येऊच शकत नसेल तर अर्जाचा फोटो मोबाइलवर पाठवला तरी मला त्या दिवशी कळतं. पण कागद नंतर आणून द्यावा, कारण फाईलला लागतो तो सहीचा कागदच.

त्या मुलीच्या अर्जावर वडिलांनी सही केली होती, आणि सहीच्या बाजूला चिखलाचा एक ठसा उमटला होता. तो पुन्हा लिहून आण, असं मी सांगितलं नाही. तारखा बरोबर होत्या, कारण खरं होतं, आणि मंगळवारी सकाळी ती पहिल्या तासाला बाकावर होती. मात्र त्याच आठवड्यात मी तिच्या आईला बोलावून घेतलं. तीन दिवस ठीक आहेत, पण दर जुलैत घरचं कोणी आजारी पडलं की पोरीनेच घरी राहायचं असं होऊ नये, हे अर्जात लिहिता येत नाही. ते समोरासमोरच बोलावं लागतं.